नवं माप

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात एक नियम होता, आणि तो मास्तरांनी नव्हे, त्यांच्या बायकोनं घातलेला होता. जुन्या मापावर कात्री चालवायची नाही. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, गेल्याच महिन्यात कोट शिवून नेलेला असो, दुकानात आलं की त्याला उभं करायचं, टेप लावायची आणि नव्यानं माप घ्यायचं. आणि घेताना ‘वाढलंय’, ‘सुटलंय’, ‘किती उतरलात हो’ असलं काही तोंडातून काढायचं नाही. अंग आज जसं आहे तसं आहे, त्यावर शिंप्यानं शेरे मारू नयेत, असं तिचं म्हणणं. बाळंतपणातून उठलेल्या, आजारातून उठलेल्या, पन्नाशी उलटलेल्या कितीतरी बायका केवळ या एका नियमापायी चार दुकानं सोडून यांच्याकडे यायच्या.

तिला सगळे टाचणीबाई म्हणत. एक तर तिच्या ओठांत कायम दोनचार टाचण्या धरलेल्या असत, आणि दुसरं म्हणजे ती होतीच तशी, ताठ, बारीक आणि टोकदार. नवा ड्रेस शिवला की आधी तिनं घालायचा आणि दुकानात वावरायचं. तिच्या अंगावर बघून गिऱ्हाईक पटायचं. मास्तर मशीनवर मान खाली घालून बसलेले असत, पण ती पुढून गेली की पायाखाली मशीनचा पट्टा आपोआप थांबे, हे समोरच्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी हा खोळंबा चालूच होता.

मग टाचणीबाईला आजार झाला. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि मूत्रपिंडांवर उठतं, असा काहीसा तो आजार. डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि पहिल्याच दिवशी बजावलं, की या गोळ्या जीव वाचवतील पण रूप बदलतील, आणि कितीही राग आला तरी एकदम बंद करायच्या नाहीत. ताप गेला, सांध्यांची सूज गेली, आणि बाकी सगळं आलं. चेहरा गोल झाला, गालांनी डोळे लहान करून टाकले. मानेमागे मांसाचा उंचवटा आला. पोट सुटलं, त्यावर जांभळट रेघा उमटल्या, आणि हातपाय मात्र काडीसारखेच राहिले. कातडी इतकी पातळ झाली, की टेबलाचा कोपरा लागला तरी काळंनिळं व्हायचं. भूक अशी लागायची की स्वतःचीच लाज वाटावी. वर्षभरात दुकानाच्या जिन्यावरून ती खाली उतरेनाशी झाली. वरच्या दोन खोल्यांत ती, आणि खाली मास्तर.

आता मास्तरांचं सांगायचं तर खरं ते सांगावं लागेल. सुरुवातीला त्यांना घरात कुणी दुसरीच बाई येऊन राहिल्यासारखं वाटलं. जेवताना ते तिच्या चेहऱ्यात तिचा चेहरा शोधत आणि तो सापडला नाही की ताटात बघत. याची त्यांना इतकी शरम वाटली, की ती झाकायला ते सेवेला लागले. गोळ्या वेळेवर, पाणी वेळेवर, जिना उतरताना कोपराला हात. माणूस इतका चांगला वागत होता की शेजारपाजारच्या बायका आपल्या नवऱ्यांना त्यांचा दाखला देत. पण बायको असते तिची रोगी झाली, की नवरा असतो त्याचा वॉर्डबॉय होतो, हे दाखला देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. कोपराला धरण्यापलीकडे मास्तरांनी तिला हात लावणं सोडून दिलं. तिला दुखेल, अशी एक भीती. आणि एकदा पाठीवर हात ठेवला तर ती अंग चोरून भिंतीकडे वळली होती, ती दुसरी. तिला नको आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली. ती दार लावून कपडे बदलू लागली, दिवा घालवल्याशिवाय पलंगावर येईना. तिला वाटे, यांना बघवत नाही. यांना वाटे, हिला नको आहे. दोघांनीही विचारलं म्हणून नाही.

पण खरी चूक याच्या पुढची, आणि ती एखाद्या शिंप्यालाच सुचावी अशी होती.

एका सकाळी टाचणीबाई आपला निळा कोट घालून बघत होती. बटण काजापर्यंत पोचेना. ती पलंगावर बसून रडली, आवाज न करता. मास्तरांनी दारातून ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्याच दिवशी ‘इस्त्री करून आणतो’ म्हणून त्यांनी कोट खाली नेला, बाजूच्या शिवणी उसवल्या आणि आत जी जादा पट्टी सोडलेली असते ती मोकळी करून पुन्हा शिवल्या. मास्तरांचं शिवण जुन्या वळणाचं, पट्टी सढळ हातानं सोडलेली. दोन दिवसांनी म्हणाले, ‘घालून बघ बरं पुन्हा, त्या दिवशी आतलं जाड घातलं असशील.’ कोट बसला. तिचा चेहरा जरा उजळला. झालं, मास्तरांना गुरुकिल्ली सापडली. एकेक करून सगळे कपडे इस्त्रीला खाली जाऊ लागले आणि उसवून वर येऊ लागले. ती म्हणायची, ‘मी फार जाड झालेय हो.’ मास्तर म्हणायचे, ‘छे, तुझ्या मनाचे खेळ. कपडे बसतायत ना तेच?’ आपण किती हुशार आणि किती प्रेमळ, असं त्यांना मनातून वाटत असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग एके दिवशी मास्तरांची थोरली बहीण लेकीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. आक्काच्या जिभेला हाड नव्हतं, आणि ते नाही याचा तिला अभिमान होता. भावजयीला आपादमस्तक न्याहाळून ती म्हणाली, ‘अगं बाई, टाचणीचा भोपळा झाला की.’ आणि स्वतःच हसली. मास्तरही हसले. आनंदानं नव्हे, बहिणीपुढे लहानपणापासून हसायची सवय होती म्हणून. पण हसले. शिवाय वर म्हणाले, ‘गोळ्यांची सूज आहे आक्का, उतरेल. आणि लग्नाला काही ती येणार नाही, दगदग सोसायची नाही तिला. मी एकटाच येईन.’

टाचणीबाई चहाचा ट्रे घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. आपण लग्नाला जाणार नाही हे तिला तेव्हा कळलं. तिनं ट्रे ठेवला, वन्संना साखर विचारली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. मास्तर सूत आणायला बाजारात गेलेले. कपाटाला कुबट वास येत होता म्हणून तिनं सगळे कपडे काढून गच्चीवर दोरीवर टाकले. किती दिवसांनी ती उजेडात कपड्यांकडे बघत होती. निळ्या कोटाच्या काखेखालून कमरेपर्यंत एक पट्टा बाकीच्या कापडापेक्षा गडद होता. जिथं ऊन कधी लागलंच नाही असा पट्टा. त्याच्या कडेनं सुईची जुनी भोकं ओळीनं. तिनं शेजारचा पिवळा ड्रेस उलटा केला. तेच. हिरवा. तेच. दुसऱ्या कुणाला शंभर वर्षांत कळलं नसतं, पण जिनं उभा जन्म काजं-बटणं आणि शिवणींच्या कडा केल्या तिला हे वाचायला चष्मासुद्धा लागला नाही. ती पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. सगळी दोरी तिच्याशी खोटं बोललेली होती.

मास्तर परत आले तेव्हा ती दुकानात होती. सहा महिन्यांनी खाली उतरलेली, धाप लागलेली, कापायच्या टेबलावर कपड्यांचा ढीग. मास्तरांनी ढीग पाहिला आणि हातातली सुताची पिशवी तिथंच खाली ठेवली.

‘हे कधीपासून?’ तिनं विचारलं.

मास्तर म्हणाले, तिला वाईट वाटू नये म्हणून. आणखीही काही म्हणत होते, तिनं हात वर केला.

‘मला आरशात एक दिसायचं आणि तुम्ही सांगायचात दुसरं. आजारानं डोकंही फिरलं असं वाटायला लागलं मला. वर्षभर मी माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर ठेवला.’ ती थांबली, श्वास घेतला. ‘आपल्या दुकानात नियम काय आहे?’

मास्तरांची नजर माप घ्यायच्या कोपऱ्याकडे गेली.

‘रस्त्यावरून आलेल्या कुठल्याही बाईला तुम्ही समोर उभी करता, तिचं माप घेता. आणि मला? मला जुन्या मापावर ठेवलंत. मी ती नाही राहिले, हे माझ्या तोंडावर म्हणायला तुमची जीभ रेटली नाही, आणि काल वन्संपुढे हसायला मात्र रेटली. लग्नाला येणार की नाही तेही परस्पर ठरवलंत. मी काय, कपाट आहे का घरातलं?’

तिच्या आवाजात रडणं नव्हतं, आणि म्हणूनच मास्तर घाबरले. रडणाऱ्या बायकोला पाणी देता येतं.

‘एकच सांगा,’ ती म्हणाली. ‘मी तुम्हाला बघवत नाही का? खरं सांगा. खोटं बोललात तर आज ओळखेन मी.’

आयुष्यात कधी नव्हे ते मास्तरांनी पट्कन ‘छे छे’ म्हटलं नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. टेपचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, म्हणाले, ‘सुरुवातीला नव्हतं बघवत. वाईट होतीस म्हणून नव्हे. मी तुझ्यात तुला शोधत होतो आणि सापडत नव्हतीस. मग मी बघणंच बंद केलं. आता तर मला माहीतही नाही तू कशी दिसतेस. मी बघतच नाही, मी गोळ्या देतो.’

हे ऐकून दुखलं. दुखणारच. पण वर्षभरात पहिल्यांदा तिला पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटलं. जे दिसत होतं तेच होतं, डोकं फिरलेलं नव्हतं.

‘आणि हात?’ तिनं खाली बघत विचारलं. ‘हात का लावत नाही?’

‘तू वळलीस ना भिंतीकडे. मला वाटलं, नको आहे. आणि डाग पडतात तुला.’

‘मी वळले कारण पाठीवरचा तो उंचवटा तुमच्या हाताला लागला. लाज वाटली.’ ती जराशी हसली, कडवट. ‘पुन्हा वळवाल असं वाटलं होतं. तुम्ही दिवाच घालवलात.’

चहावाल्याचा पोऱ्या कपबशा घेऊन आला तर मास्तरांनी त्याला हातानंच परत पाठवलं, आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. ती उठून माप घ्यायच्या कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिली.

‘माझं माप घ्या,’ ती म्हणाली. ‘मोठ्यानं सांगत.’

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. सव्वीस वर्षांत त्यांनी हिचं नीट माप कधी घेतलंच नव्हतं, पहिल्या वर्षी घेतलं तेवढंच. पुढे डोळे मिटून शिवत आले. गळा घेतला, आकडा सांगितला. खांदे घेतले. खांदे तसेच होते, अरुंद आणि ताठ, त्यांना उगाचच धीर आला. दंड घेताना आधी विचारलं, ‘इथं दुखतं?’ ती म्हणाली, ‘इथं नाही. मनगटाजवळ हळू.’ आजवर त्यांनी हे विचारलं नव्हतं. सगळंच दुखत असेल असं धरून सगळंच सोडून दिलं होतं. मागं गेले तर मानेचा तो उंचवटा समोर आला, आणि त्याच्या बरोबर वर, केसांच्या कडेला, तीळ. तो कुठंही गेलेला नव्हता. मास्तरांनी टेप एका हातात घेतली आणि दुसरा हात त्या उंचवट्यावर सावकाश ठेवला. ती आक्रसली. त्यांनी हात काढला नाही, आणि दाबलाही नाही. ‘काढू?’ त्यांनी विचारलं. ती मान हलवून नाही म्हणाली. तिचे खांदे हळूहळू खाली आले.

कमरेला टेप घातली आणि आकडा बघून मास्तरांनी ती काढून पुन्हा लावली.

‘बोला मास्तर,’ ती म्हणाली. ‘गिऱ्हाईक पळून जात नाही.’

त्यांनी आकडा सांगितला, मोठ्यानं. छत काही कोसळलं नाही. टेप सारखी करायला त्यांनी बोट आत घातलं तर ती एकदम खुदकन हसली आणि बाजूला सरली. कमरेला हात लावला की हिला गुदगुल्या होतात, लग्नाच्या आधीपासून होतात, आणि हे मास्तर पार विसरले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं. गोल चेहरा हसत होता, गालांत डोळे बुडाले होते, हनुवटीवर गोळ्यांनी आलेली लव उजेडात चमकत होती. हसताना वरचा ओठ एका बाजूला वर जातो तो तसाच गेला होता. जुना चेहरा या चेहऱ्यात कुठं लपलाय ते शोधायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. समोर बाई हसत होती, तिच्याकडे ते बघत राहिले. आणि बघताबघता मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. या लालीचा अर्थ तिला सव्वीस वर्षं ठाऊक होता.

‘काय झालं?’ तिनं मुद्दाम विचारलं.

‘काही नाही,’ मास्तर म्हणाले. ‘पट्टा थांबला.’

मग तिनं टेप ओढून घेतली आणि त्यांचंच पोट मोजलं. त्यांच्या टकलाबद्दल, सुटलेल्या पोटाबद्दल, रात्री काढून वाटीत ठेवायच्या दातांबद्दल तिनं आजवर चकार शब्द काढला नव्हता, हे मास्तरांच्या त्या क्षणी लक्षात आलं. लाजेनं त्यांचं पोट आपोआप आत गेलं. ‘सोडा सोडा,’ ती म्हणाली, ‘श्वास धरून माप देणाऱ्या गिऱ्हाइकाचा कोट पहिल्या जेवणाला फाटतो.’

त्या दिवसापासून सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. आरशासमोर काही सकाळी अजूनही ती गप्प होऊन बसायची. काही दिवशी जवळ आलेला हात नको असायचा, पण आता ती भिंतीकडे वळत नसे, ‘आज नको, उद्या विचारा’ म्हणत असे, आणि मास्तर दुसऱ्या दिवशी खरोखरच विचारत. हेच मोठं शिक्षण होतं. संध्याकाळी दुकान बंद झालं की ते तिच्या तळपायांना तेल चोळत; गोळ्यांची वेळ म्हणून नव्हे, गप्पा मारायची वेळ म्हणून. दिवा कधी चालू राहू लागला, कधी नाही. गोळ्यांचा डबा तिनं स्वतःकडे घेतला. ‘तुम्ही नवरा राहा,’ ती म्हणाली, ‘नर्स मी माझी होते.’

लग्नासाठी तिनं कापड निवडलं ते लालभडक. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, ‘गडद निळं घेतलं तर जरा बारीक...’ तिनं नुसती भुवई उचलली. मास्तरांनी लाल कापड टेबलावर पसरलं आणि कात्री घेतली. खोट्या आकाराचा दाब नाही, झाकपाक नाही. जिथं पोट आहे तिथं पोटाला जागा, जिथं खांदे ताठ आहेत तिथं खांदे दिसतील असा गळा. इतका चांगला ड्रेस त्यांनी बऱ्याच वर्षांत शिवला नव्हता.

लग्नात आक्कानं तो पाहिला. ती काही बोलायच्या आत थांबली, हे एक आश्चर्य. पण स्वभावाला औषध नाही. चार नातेवाइकांत भावाच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तिनं विचारलं, ‘गोळ्या बंद झाल्या की उतरेल ना रे सगळं? पहिल्यासारखी होईल ना?’

मास्तरांना हसू आलंच होतं ओठापर्यंत, ती जुनी सवय. त्यांनी ते गिळलं.

‘उतरेल, न उतरेल,’ ते म्हणाले. ‘तिला भोपळा म्हणालीस तेव्हा मी हसलो, ते चुकलं माझं. पुन्हा म्हणू नकोस, आक्का. मला आवडते ती. आज आहे तशी.’

आवाज काही फार चढलेला नव्हता, पण टाचणीबाई दोन खुर्च्या सोडून बसलेली होती आणि तिला तो ऐकू आला. तिनं वळून पाहिलं नाही. फक्त शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, म्हणजे मास्तरांना बसायला जागा झाली.

पुढे वर्ष गेलं. डॉक्टरीणबाई गोळी थोडीथोडी कमी करत गेल्या. टाचणीबाई सकाळी तासभर दुकानात बसू लागली, मग दोन तास, ओठांत पुन्हा टाचण्या आल्या. चेहऱ्याचा फुगवटा ओसरला. पण पहिला चेहरा परत आला म्हणावं तर तेही नाही. गाल उतरले तिथं सुरकुत्या पडल्या, गळ्याची कातडी सैल झाली, केस विरळ आणि पांढरे. पोट बरंचसं राहिलंच. आणि गंमत अशी, की तो गोल, हसला की डोळे मिटणारा चेहरा जाताना मास्तरांना चक्क चुकल्यासारखं झालं. ते त्यांनी तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की टाचण्या खाली सांडल्या.

एका दुपारी ती लाल ड्रेस घालून खाली आली. ड्रेस खांद्यांवरून घसरत होता, बगलेत झोळ पडला होता. मास्तरांनी मशीनवरून पाहिलं. बोटं सवयीनं शिवशिवली; दोन्हीकडून बोटभर आत घेतलं की झालं, संध्याकाळी इस्त्रीला म्हणून न्यावा आणि... त्यांनी जीभ चावली.

पट्टा थांबला. मास्तर उठले, गळ्यातली टेप काढली आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन उभे राहिले.

‘ये,’ ते म्हणाले. ‘नवं माप घेऊ.’

तिनं ओठांतल्या टाचण्या काढून त्यांच्या खिशाला टोचल्या, समोर येऊन उभी राहिली, आणि दोन्ही हात वर केले.